१२ किलोच्या गाडीला चाकाची मोटर : टॉर्क कॉन्स्टंट जास्त असलेली घ्यावी का?

शिरोली_सूरज

मंडळी, एक अडचण आहे. शिरोली एमआयडीसीत एका छोट्या फाउंड्रीसाठी दोन चाकी रोबो गाडी करतोय. फेटलिंग झालेले छोटे कास्टिंग उचलून तपासणीच्या टेबलापर्यंत न्यायचे, एवढंच काम. मालासकट गाडीचं वजन १२ किलो. मागे दोन चालती चाकं, १०० मिमी व्यासाची, पुढे एक कॅस्टर. जमीन खरबरीत काँक्रीट. वाटेत एक रॅम्प आहे, ३ मीटर लांब आणि ४२ सेंमी चढणारा. सेकंदाला ०.६ मीटर वेग रॅम्पवरही मिळावा असं मालकांचं म्हणणं. बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची, लेड ॲसिड.

एकाच बॉडीत, एकाच किमतीत दोन वाइंडिंगच्या मोटरी मिळतायत. डेटाशीटचे आकडे असे :

अ मोटर : १२ व्होल्टची. टॉर्क कॉन्स्टंट १८.५ मिलिन्यूटन-मीटर प्रति अँपिअर, स्पीड कॉन्स्टंट ५१६ आरपीएम प्रति व्होल्ट, रेझिस्टन्स १.२ ओहम, नो-लोड करंट ०.१५ अँपिअर, सलग चालवायचा करंट २ अँपिअर.

ब मोटर : २४ व्होल्टची. तेच आकडे अनुक्रमे ३७, २५८, ४.८ ओहम, ०.०७५ आणि १ अँपिअर.

गिअरबॉक्स २०, ३०, ४० आणि ६० पटीचे आहेत. ब चा टॉर्क कॉन्स्टंट दुप्पट, म्हणजे चढाला तीच बरी असं मला वाटतंय. १२ व्होल्टवर चालवली तर वेग कमी होईल, पण तो २० पटीचा गिअरबॉक्स लावून भरून काढता येईल. बरोबर आहे का?

तांबडा_पांढरा

बरोबर आहे भावा, ब घे. त्याच टॉर्कला निम्मा करंट लागतो. करंट निम्मा म्हणजे बॅटरी जास्त चालणार, ड्रायव्हर लहान चालणार, वायर पातळ चालणार. चढाच्या गाडीला कायम जास्त टॉर्क कॉन्स्टंटची मोटर घ्यायची.

उंच_पतंग

ड्रोनमध्येही हेच. मोठा पंखा फिरवायचा तर कमी केव्हीची, म्हणजे कमी स्पीड कॉन्स्टंटची मोटर. माझ्याकडे ९२० केव्हीच्या चार ब्रशलेस मोटरी पडून आहेत, ईएससीसकट. त्याच गिअर लावून चाकाला बसवल्या तर? वजन अगदी कमी आहे त्यांचं.

मीनाक्षी_कुरुंदवाड

सूरज, घाई करू नकोस. ब घेतलीस तर गाडी रॅम्पवर ०.६ ला पोचणार नाही आणि मोटर तापेल. का ते आधी सांगते, मग आकडे मांडते.

तू जे दोन कॉन्स्टंट वेगळे समजतोयस ते खरं एकाच गुणाची दोन टोकं आहेत. तुझ्याच डेटाशीटमधले आकडे गुणून बघ. १८.५ गुणिले ५१६ म्हणजे सुमारे ९,५४६. ३७ गुणिले २५८, पुन्हा ९,५४६. ब्रशच्या कुठल्याही डीसी मोटरचा हा गुणाकार, या एककांत, ९,५४९ च्या आसपासच येतो. चुंबक आणि तारेचे वेढे मिळून अँपिअरमागे जेवढा टॉर्क देतात, तेच फिरताना आरपीएममागे तेवढाच उलटा व्होल्टेज तयार करतात. टॉर्क कॉन्स्टंट दुप्पट मिळाला की स्पीड कॉन्स्टंट निम्मा होणारच. त्यातून सुटका नाही.

आता रेझिस्टन्स बघ. ब मध्ये वेढे दुप्पट आणि तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ निम्मं, म्हणून रेझिस्टन्स चौपट. सलग करंटला दोन्हींचा टॉर्क आणि उष्णता काढ. अ ला २ अँपिअर : ३७ मिलिन्यूटन-मीटर, आणि २ × २ × १.२ म्हणजे ४.८ वॅट उष्णता. ब ला १ अँपिअर : ३७ मिलिन्यूटन-मीटर, आणि १ × १ × ४.८ म्हणजे ४.८ वॅट. टॉर्क तोच, ताप तोच. वाइंडिंग बदललं म्हणून मोटर ताकदवान होत नाही, ती फक्त वेगळ्या व्होल्टेजसाठी जुळवलेली असते. ताकद जोखायचीच असेल तर टॉर्क कॉन्स्टंटला रेझिस्टन्सच्या वर्गमुळाने भागावं. तुझ्या दोन्ही मोटरींना तो भागाकार १६.९ येतो.

पतंग, तुमच्या ब्रशलेस मोटरी कमी वेगाला, सेन्सरशिवाय, जागेवरून सुटताना धक्के देतात. ड्रोनचा पंखा सुरुवातीला हलका असतो, भरलेली गाडी नसते. शिवाय त्यांचा टॉर्क कॉन्स्टंट करंट कुठे मोजला यावर बदलतो. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे दोन्ही विषय गुंततील.

शिरोली_सूरज

ताई, गुणाकार करून पाहिला, खरंच तोच येतो. पण मग गिअरबॉक्सने भागवलं तर ब मध्ये नेमकं अडतं कुठे?

मीनाक्षी_कुरुंदवाड

चाकापासून सुरुवात करू या. मोटरकडून सुरुवात केली की माणूस आवडत्या मोटरीकडे आकडे ओढत जातो.

रॅम्प ३ मीटरला ०.४२ मीटर चढतो, म्हणजे वजनाचा ०.१४ भाग मागे खेचतो. १२ किलोचं वजन साधारण ११८ न्यूटन, त्याचा ०.१४ भाग १६.५ न्यूटन. खरबरीत काँक्रीटवर रबरी चाक घरंगळायला वजनाचा सुमारे ०.०३ भाग लागतो असं धरू, ते ३.५ न्यूटन. एकूण २० न्यूटन. चाकाची त्रिज्या ०.०५ मीटर, म्हणून दोन्ही चाकांना मिळून १ न्यूटन-मीटर, एका चाकाला ०.५. चढावरच थांबून पुन्हा सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद अशा दराने वेग घ्यायचा असेल तर आणखी ६ न्यूटन लागतात, तेव्हा चाकाला ०.६५ होतं.

०.६ मीटर प्रति सेकंदाला १०० मिमीचं चाक मिनिटाला ११५ फेरे घेतं. हे झाले लक्ष्याचे दोन आकडे : ०.५ न्यूटन-मीटर आणि ११५ आरपीएम.

व्होल्टेज मात्र १२ धरू नकोस. चढावर दोन मोटरी ओढताना ही बॅटरी, अर्धी उतरल्यावर, ११.५ च्या आसपास येते. ड्रायव्हर आणि वायर धरून मोटरच्या टोकांवर ११.२ धरते. गिअरबॉक्स ७० टक्के.

अ मोटर, ४० पट : मोटरवर टॉर्क ५०० भागिले (४० × ०.७) म्हणजे १७.९ मिलिन्यूटन-मीटर. त्याला १८.५ ने भागून नो-लोडचे ०.१५ मिळवले की १.१२ अँपिअर. वाइंडिंगमध्ये पडतात १.३४ व्होल्ट, उरले ९.८६. त्याला ५१६ ने गुणलं की सुमारे ५,०९०, चाकाला १२७ आरपीएम. वेग ०.६७. उष्णता १.५ वॅट.

ब मोटर, २० पट : मोटरवर ३५.७ मिलिन्यूटन-मीटर, करंट १.०४ अँपिअर. ४.८ ओहममध्ये पडतात ५ व्होल्ट. उरले ६.२, गुणिले २५८ म्हणजे १,६०० आरपीएम, चाकाला ८०. वेग ०.४२. उष्णता ५.२ वॅट, म्हणजे डेटाशीटच्या सलग मर्यादेच्याही वर, आणि हा चढ स्थिर वेगाने चढतानाचा आकडा आहे.

अडतं इथे. २० पटीने तू मोटरवर दुप्पट टॉर्क टाकलास, आणि १२ व्होल्टमधले ५ व्होल्ट तारेतच जळाले. ब ला ४० पट लावून तापातून वाचशील, पण मग वेग ०.२९ वर येतो.

इतर पटी बघायच्या असतील तर हे चालव, आकडे बदलत जा :

```
Kt, R, I0 = 0.0185, 1.2, 0.15
V, N, eta, T = 11.2, 40, 0.70, 0.5
Kv = 9.549 / Kt
I = T / (N * eta * Kt) + I0
rpm = Kv * (V - I * R) / N
print(I, rpm, I * I * R)
```

अ ला ३० पटीवर ०.८५ वेग मिळतो, पण उष्णता २.५ वॅट होते. ६० पटीवर वेग ०.४६. म्हणून ४०.

तांबडा_पांढरा

वेगाचं मान्य. पण बॅटरीचा मुद्दा राहतोच की ताई. ब ला १.०४ अँपिअर, अ ला १.१२. कमी तो कमीच.

मीनाक्षी_कुरुंदवाड

अँपिअर कमी, पण चढायला वेळ जास्त. ३ मीटरच्या रॅम्पला ब ला ७.१ सेकंद लागतात, अ ला ४.५. एका मोटरमागे ब बॅटरीतून ८३ ज्यूल घेते आणि अ ५६. करंट बघून बॅटरीचा हिशेब मांडला की तो असाच फसतो, एका खेपेची ऊर्जा काढावी.

तुमचं म्हणणं एका ठिकाणी शंभर टक्के खरं आहे. बॅटरी २४ व्होल्टची घेतली तर ब मोटर अगदी अ सारखीच वागते, ४० पटीवर तोच वेग, तोच ताप, आणि करंट निम्मा. तिथे ड्रायव्हर आणि वायरचा फायदा खरा आहे.

कागल_लाइन२

२४ व्होल्ट म्हणजे ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या. एकेक दोन-सव्वादोन किलोची. १२ किलोची गाडी १४ च्या वर गेली. मग रॅम्पचा आकडा पुन्हा मांडा.

आणि ड्रायव्हर कुठला लावणार ते सूरजने लिहिलंच नाही. ११.२ व्होल्ट मोटरला पोचणार हे मॉसफेटच्या ड्रायव्हरला खरं आहे. सगळीकडे मिळतो तो लाल रंगाचा एल२९८ बोर्ड लावला तर नाही. त्यात ट्रान्झिस्टर आहेत, १ अँपिअरला दोन्ही बाजूंचे मिळून १.८ ते ३.२ व्होल्ट त्यातच पडतात, २ अँपिअरला ४.९ पर्यंत जातात. ११.५ मधून २.५ वजा करा, वाइंडिंगचे १.३४ वजा करा. चाकाला ९९ आरपीएम, वेग ०.५२. मोटर बरोबर निवडूनही गाडी हळू चालते आणि लोक मोटरला शिव्या देतात. ओळखायची खूण सोपी आहे : गाडी चढावर असताना बॅटरीच्या टोकांवर आणि मोटरच्या टोकांवर, दोन्हीकडे व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर चोर ड्रायव्हरमध्ये किंवा वायरमध्ये आहे. ड्रायव्हर पूर्ण चालू ठेवून मोजा, पीडब्ल्यूएम कमी असताना मीटर काहीही दाखवतो.

शिरोली_सूरज

एल२९८ च घेतला होता, कागलकर. बदलतो. किती अँपिअरचा घेऊ? चढावर १.१२ आहे, म्हणजे ३ अँपिअरचा पुरेल?

कागल_लाइन२

नाही पुरणार. अ मोटरचा रेझिस्टन्स १.२ ओहम. चाक अडकलं की १२ भागिले १.२, म्हणजे १० अँपिअर. आणि त्याहून वाईट म्हणजे पूर्ण वेगात असताना एकदम उलटी दिशा देणं. त्या क्षणी मोटर स्वतःच सुमारे ११.८ व्होल्ट बनवत असते आणि बॅटरी उलटी होऊन त्यात मिळते. २३.८ भागिले १.२, जवळपास २० अँपिअर. बॅटरी आणि वायरच्या रेझिस्टन्समुळे प्रत्यक्षात थोडा कमी भरेल, पण ३ अँपिअरच्या ड्रायव्हरला तो एक फटका बास आहे. करंट लिमिट असलेला ड्रायव्हर घ्या, आणि प्रोग्राममध्ये वेग शून्यावर आणूनच दिशा बदला. अर्ध्या सेकंदाचा उतार दिला तरी चालतो.

मीनाक्षी_कुरुंदवाड

लिमिट किती ठेवायची तेही या कॉन्स्टंटवरूनच निघतं. चालत्या चाकांवर वजनाचा ६० टक्के भाग येतो असं धरलं तर एका चाकावर ३५ न्यूटन. काँक्रीटवर रबराची पकड ०.६ धरली तर चाक २१ न्यूटनच्या वर जोर लावूच शकत नाही, घसरतं. ते झालं १.०५ न्यूटन-मीटर, मोटरवर ३८ मिलिन्यूटन-मीटर, म्हणजे २.२ अँपिअर. त्याच्यावरचा करंट गाडी पुढे न्यायला उपयोगाचाच नाही. लिमिट ३ अँपिअरला ठेव.

गिअरबॉक्सही त्यानेच वाचतो. १० अँपिअरला ही मोटर ४० पटीतून चाकावर ५ न्यूटन-मीटर टाकते. गिअरबॉक्सच्या शीटवर आउटपुट शाफ्टचा जास्तीत जास्त टॉर्क लिहिलेला असतो, तो या मापाच्या डब्यांत बहुतेकदा याच्या कितीतरी खाली असतो. चाक फ्रेममध्ये कास्टिंगची बर अडकून थांबलं, लिमिट नसेल, तर आधी दात जातात.

मागची चाकं चालती ठेवलीस ते चांगलं केलंस. चढावर वजन मागे सरकतं, पकड वाढते. रॅम्पवर गाडी उलटी नेऊ नकोस.

लेथ_आणि_चहा

सगळा हिशेब १८.५ खरा मानून चाललाय. डेटाशीट नावाजलेल्या कंपनीचं असेल तर ठीक. पण गिअरबॉक्ससकट मिळणाऱ्या बिननावाच्या मोटरींच्या शीटवर केटी, म्हणजे टॉर्क कॉन्स्टंट, नसतोच. तिथे फक्त व्होल्ट, आरपीएम, स्टॉल टॉर्क किलो-सेंमीमध्ये आणि स्टॉल करंट. त्यांची परीक्षा घ्यायला वरचाच ९,५४९ चा आकडा उपयोगी पडतो.

समजा लिहिलंय : १२ व्होल्ट, १५० आरपीएम, स्टॉल टॉर्क २५ किलो-सेंमी, स्टॉल करंट ५ अँपिअर. १५० भागिले १२ म्हणजे १२.५ आरपीएम प्रति व्होल्ट. २५ किलो-सेंमी म्हणजे साधारण २,४५० मिलिन्यूटन-मीटर, भागिले ५ म्हणजे ४९० प्रति अँपिअर. गुणाकार ६,१२५. ९,५४९ च्या ६४ टक्के. जेवढे टक्के कमी तेवढं गिअरबॉक्सने खाल्लं. ६४ टक्के पटण्यासारखं आहे.

आता त्याच मोटरवर कुणी ४० किलो-सेंमी छापलं तर? ३,९२४ भागिले ५ म्हणजे ७८५, गुणिले १२.५ म्हणजे ९,८१०. ९,५४९ च्या वर. अशी मोटर असूच शकत नाही, गिअरबॉक्स शंभर टक्क्यांच्या वर काम करत नाही. ते शीट बाजूला ठेवायचं, किंमत कितीही कमी असो. ८५ टक्क्यांच्या वर आलं तरी तीन-चार टप्प्यांच्या साध्या गिअरबॉक्सला संशय घ्यावा.

शिरोली_सूरज

हे भारी आहे दादा. माझ्या अ मोटरचा केटी प्रत्यक्ष मोजता येईल का? टॉर्क मोजायचं काहीच साधन नाही माझ्याकडे.

लेथ_आणि_चहा

टॉर्क मोजायची गरजच नाही, उद्यमनगरात लेथ हाताशी आहे ना. दोन्ही कॉन्स्टंट एकच आहेत हे ताईंनी वर दाखवलं, मग सोपा तो मोजायचा. मोटर उलटी फिरवायची आणि जनरेटरसारखं व्होल्टेज बघायचं.

गिअरबॉक्स काढून नुसती मोटर घे. मोटरची बॉडी टूलपोस्टवर व्ही-ब्लॉक किंवा लाकडी ठोकळ्यात धर, शाफ्ट थेट चकमध्ये आवळू नकोस. चकमध्ये एक पिन धर आणि पिन व मोटरच्या शाफ्टच्या मध्ये जाड रबरी नळीचा तुकडा बसव. थेट आवळलं आणि सेंटर थोडं जरी हुकलं तरी बेअरिंग जातं. मोटरच्या वायरींना फक्त मल्टिमीटर, डीसी व्होल्टवर. लेथ १,००० च्या आसपास लाव, पण गिअरच्या पाटीवरचा आकडा लिहू नकोस. बिनस्पर्शाच्या टॅकोमीटरने चकचा खरा वेग मोज. समजा ९६० आरपीएम आणि मीटरवर १.८६ व्होल्ट आले. ९६० भागिले १.८६ म्हणजे ५१६. केटी ९,५४९ भागिले ५१६, म्हणजे १८.५. मग लेथ उलटा फिरवून पुन्हा मोज. दोन्ही दिशांना २-३ टक्क्यांहून जास्त फरक आला तर ब्रश मध्यावर बसवलेले नाहीत, आणि मग तुझी गाडी सरळ जाताना एका बाजूला ओढेल, कारण डावी आणि उजवी मोटर उलट्या दिशेने फिरतात.

रेझिस्टन्स मात्र मल्टिमीटरच्या ओहमवर मोजू नकोस. मीटरचा करंट इतका बारीक की ब्रशखालच्या थराचाच रेझिस्टन्स दिसतो, १.२ च्या जागी ३-४ ओहम, तेही नाचत. शाफ्ट घट्ट धर, बेंच सप्लायवर करंट १ अँपिअरला बांध, आणि मोटरच्याच टोकांवर व्होल्टेज वाच. जेवढे व्होल्ट तेवढे ओहम. शाफ्ट थोडा थोडा फिरवून आठ ठिकाणी घे आणि सरासरी काढ. पटापट उरक, मोटर तापली की आकडा चढतो.

मीनाक्षी_कुरुंदवाड

लेथदादांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. तांब्याचा रेझिस्टन्स अंशामागे ०.३९ टक्का वाढतो. वाइंडिंग २५ वरून ८५ अंशांवर गेलं तर १.२ चे १.४८ ओहम होतात. फेराइट चुंबक त्याच वेळी अंशामागे साधारण ०.२ टक्का मंदावतो. तो ४० अंश तापला तर केटी १८.५ वरून १७ वर येतो. आता तोच रॅम्प मांड : करंट १.२ अँपिअर, चाकाला १३२ आरपीएम. वेग कमी झालाच नाही, उलट किंचित वाढला, कारण केटी घटला की स्पीड कॉन्स्टंट वाढतो. पण उष्णता १.५ वरून २.१ वॅटवर गेली. म्हणून मोटर तापतेय की नाही हे वेगावरून कळणार नाही, करंटवर लक्ष ठेव. फाउंड्रीच्या शेडमध्ये उन्हाळ्यात सुरुवातच ४० अंशांपासून होते, त्यामुळे सलग २ अँपिअरचा आकडा तिथे पूर्ण वापरू नकोस.

उंच_पतंग

ताई, एक शंका. पीडब्ल्यूएमने वेग कमी केला तर केटी कमी होतो का? माझ्या मित्राच्या गाडीत निम्म्या पीडब्ल्यूएमला मोटर जास्त तापते म्हणतो.

कागल_लाइन२

केटी बदलत नाही, तो चुंबक आणि वेढ्यांचा आहे. मित्राची फ्रीक्वेन्सी बघा. ४९० हर्ट्झवर छोट्या मोटरीत करंट प्रत्येक ठोक्याला वर-खाली नाचतो. टॉर्क सरासरी करंटवर मिळतो, उष्णता मात्र वर्गावर. २० किलोहर्ट्झला करंट सपाट होतो आणि किणकिणही थांबते.

लेथ_आणि_चहा

२० किलोहर्ट्झला ड्रायव्हरचा ताप वाढतो तेही लिहा. मी ८ च्या आसपासला बरा म्हणेन.

कागल_लाइन२

मॉसफेट आणि गेट ड्रायव्हर बरे असतील तर २० ला काही होत नाही. स्वस्तातल्या बोर्डला तुमचं खरं आहे. मोटरचा इंडक्टन्स शीटवर असेल तर सूरजने टाकावा, त्याशिवाय ८ की २० हे सांगता येत नाही.

शिरोली_सूरज

इंडक्टन्स शीटवर नाही. लेथवर मोजून आलो. एका मोटरला ९४२ आरपीएमला १.८४ व्होल्ट, उलट्या दिशेला १.८३. दुसरीला ९४२ लाच १.९६ आणि १.९५. म्हणजे एकीचा स्पीड कॉन्स्टंट ५१२ आणि दुसरीचा ४८१. रेझिस्टन्स १.२३ आणि १.२१. एकाच खोक्यातल्या दोन मोटरी, ६ टक्के फरक. जोडी म्हणून चालतील का?

मीनाक्षी_कुरुंदवाड

या मापाच्या फेराइट मोटरींत एवढा फरक दिसतो, सदोष म्हणता येणार नाही. दुसरीचा केटी १९.९ आला, म्हणजे ती त्याच व्होल्टेजला हळू फिरेल. एन्कोडर नसेल आणि दोन्हींना सारखा पीडब्ल्यूएम दिलास तर गाडी तिच्या बाजूला वळत जाईल. चाकांत ३० सेंमी अंतर असेल तर साधारण ५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ. एन्कोडर लावणार असशील तर काही अडचण नाही, फक्त वेगाची मर्यादा हळू मोटरवर ठरव : ४० पटीला तिचा रॅम्पवरचा आकडा ११९ आरपीएम येतो, ११५ च्या थोडाच वर.

शिरोली_सूरज

एन्कोडर आहेत. पण ११५ आणि ११९ मध्ये फारच थोडी जागा उरते ताई. गिअरबॉक्स ७० च्या जागी ६० टक्के निघाला तर?

मीनाक्षी_कुरुंदवाड

६० टक्क्यांना ११७ येतो. गिअरबॉक्सच्या हिशेबाने वेग फार हलत नाही, कारण वाइंडिंगमध्ये पडणारं व्होल्टेज थोडंच आहे. बॅटरीच जास्त हलवते. १०.८ वर आली की वेग ११५ च्या खाली जाईल.

तांबडा_पांढरा

मग ३० पट घेऊन टाक. १.४४ अँपिअर होतो, सलग २ च्या आत आहे की.

लेथ_आणि_चहा

शेडमध्ये ४० अंश असताना? मी ४० पटच ठेवेन आणि १०० च्या जागी ११० मिमीचं चाक लावेन. रॅम्पवरचा टॉर्क १० टक्के वाढेल, वेगही जवळपास तेवढाच. सूरज, फ्रेमखाली ५ मिमी जागा आहे का ते बघून सांग.